रात्री पाय का झोपू देत नाहीत?

डायलिसिस केंद्रात चार तासांच्या सत्राचा शेवटचा तास सुरू झाला की वातावरण बदलतं. तोपर्यंत कुणी डोळे मिटून पडलेलं असतं, कुणी मोबाइलवर मालिका बघत असतं. मग एखाद्या खाटेवरून हाक येते, "सिस्टर, गोळा आला!" नर्स धावत येते, पावलाची बोटं हातात धरून गुडघ्याच्या दिशेनं वळवते. टेक्निशियन यंत्रावरचा पाणी काढण्याचा वेग थांबवतो, थोडं सलाईन सोडतो. पाच-दहा मिनिटांत ताठरलेली पोटरी सैल पडते. रुग्ण घामानं भिजलेला असतो आणि त्याची एकच विनंती असते, "आज अर्धा तास लवकर काढा."

हाच रुग्ण रात्री घरी अंथरुणावर पडतो तेव्हा पायांची दुसरीच तक्रार सुरू होते. आता गोळा येत नाही. पोटरीच्या आत काहीतरी वळवळतंय, ओढ लागलीय, पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही, असं वाटत राहतं. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, पुन्हा पडलं की पुन्हा तेच. घरातलं कुणीतरी उठून पाय दाबून देतं. पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि दुसरा दिवस पेंगण्यात जातो.

डॉक्टरांसमोर मात्र या दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात येतात: "पाय फार दुखतात हो, झोप नाही." त्यावर वेदनाशामक गोळी मिळते किंवा झोपेची. बहुतेक वेळा दोन्हींचा उपयोग होत नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात गोळे येणं, पाय अस्वस्थ होणं आणि झोप मोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. कोणती तक्रार नेमकी कोणती, हे ओळखता आलं तर उपाय अनेकदा केंद्रातल्या नोंदवहीत, रक्ताच्या अहवालात आणि औषधांच्या चिठ्ठीतच सापडतो.

गोळा आणि वळवळ: फरक कसा ओळखायचा

गोळा म्हणजे स्नायू आपोआप आवळला जाणं. तो अचानक येतो, कळ जीव घेणारी असते, पोटरीवर हात ठेवला तर आतली गाठ बोटांना लागते. पाय ताणला की तो सुटतो, आणि सुटल्यावरही दिवसभर ती जागा ठणकत राहते.

अस्वस्थ पायांच्या विकारात स्नायू आवळलेला नसतो. हात लावला तर पोटरी मऊच लागते. या विकाराची सविस्तर मांडणी स्वीडनचे डॉक्टर कार्ल एकबोम यांनी १९४५ साली केली. त्याच्या चार खुणा आजही निदानासाठी पुरतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. ती बसल्या-पडल्या, म्हणजे विश्रांतीतच सुरू होते किंवा वाढते. हालचाल केली की, निदान हालचाल चालू असेपर्यंत, ती शमते. आणि संध्याकाळी व रात्री ती दिवसापेक्षा जास्त छळते. या चारही खुणा जुळल्या आणि दुसरं कारण दिसत नसलं, तर निदानासाठी कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. नीट विचारलेले चार प्रश्न पुरेसे होतात. डायलिसिसवर असलेल्या साधारण दर चार जणांत एकाला हा त्रास असतो, असं निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसलं आहे.

आणखी दोन तक्रारी याच्याशी गल्लत करतात. मधुमेहामुळे नसा खराब झाल्या असतील तर तळपाय जळतात, बधिर होतात, मुंग्या येतात. पण चालल्यानं त्या थांबत नाहीत. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर अगदी उलटं होतं: चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की बरं वाटतं. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार आपल्याकडे बरेचदा हातात हात घालून येतात, त्यामुळे एकाच माणसाला यांतल्या दोन-तीन तक्रारी एकदम असू शकतात.

आता एक उदाहरण घेऊ. हे कुणा एका रुग्णाचं नाही, अनेकांच्या कहाण्यांतून उभं केलेलं आहे. त्यांना आपण काका म्हणू. वय ५८, जुना मधुमेह, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. अंगावर जास्तीचं पाणी नसताना त्यांचं वजन ६० किलो असतं. याला केंद्रात 'ड्राय वेट' म्हणतात. प्रत्येक वेळी येताना काट्यावर ६३.५ भरतात. शेवटच्या तासात गोळा ठरलेला, रात्री पायांची वळवळ ठरलेली, आणि काकूंची तक्रार की हे झोपले तरी घोरतात आणि मधेच पाय झाडतात.

गोळ्यांचा हिशेब: किती पाणी, किती वेळात

मूत्रपिंड निकामी झालं की प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. ते रक्तात आणि ऊतींमध्ये साठतं, आणि डायलिसिस यंत्र ते चार तासांत काढतं. यंत्र पाणी ओढतं ते रक्तातून. ऊतींमधलं पाणी सावकाश रक्तात झिरपतं आणि झालेली तूट भरून काढतं. काढण्याचा वेग या झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रक्ताचं आकारमान घटतं, रक्तदाब घसरतो, पायांच्या स्नायूंचा रक्तपुरवठा आखडतो आणि गोळा येतो. म्हणूनच तो सत्राच्या शेवटी येतो.

काकांचा हिशेब करून पाहू. साडेतीन किलो वजन वाढलं म्हणजे साडेतीन लिटर पाणी. चार तासांत काढायचं तर ताशी ८७५ मिलीलिटर. ६० किलो वजनानं भागलं की दर किलोमागे ताशी साडेचौदा मिलीलिटर होतात. दर किलोमागे ताशी १३ मिलीलिटर ही मर्यादा जगभर अनेक तज्ज्ञ पाळतात, कारण त्यापलीकडे गेलं की नुसते गोळेच येत नाहीत, हृदयावरही ताण पडतो. काका दर वेळी ती ओलांडत आहेत.

आता ते कळवळून म्हणतात, "अर्धा तास लवकर काढा." केंद्रातले लोक दयेपोटी काढतात. सुमारे ४४० मिलीलिटर पाणी अंगातच राहतं. पुढच्या खेपेला ते चार लिटरच्या आसपास घेऊन येतात, वेग दर किलोमागे १६ मिलीलिटरवर जातो, आणि गोळा आणखी लवकर येतो. गोळ्यामुळे सत्र तोडायचं आणि तोडलेल्या सत्रामुळे पुढचा गोळा ओढवून घ्यायचा, हे चक्र कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं फिरवत असतात.

ते दोन बाजूंनी थांबवता येतं. पहिली बाजू वेळेची. तेच साडेतीन लिटर पाच तासांत काढले तर वेग पावणेबारावर येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. खाट मोकळी असेल तर तास वाढवणं हा गोळ्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. आठवड्यातून दोनाऐवजी तीन वेळा डायलिसिस शक्य असेल तर अधिक चांगलं. आपल्याकडे खर्चामुळे आणि प्रवासामुळे दोनावर भागवणारे फार, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेत तिसरं सत्र बसतं का, हे केंद्रातल्या आरोग्यमित्राला विचारायलाच हवं.

दुसरी बाजू घरची, आणि तिथे खरी गोम पाण्यात नाही, मिठात आहे. शरीर मिठाला पाण्यात विरघळवूनच ठेवतं. साधारण नऊ ग्रॅम जास्तीचं मीठ अंगात गेलं की त्यामागे लिटरभर पाणी राहतं, आणि तहान ते पाणी प्यायला लावतेच. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान सपाट चमचा मीठ पुरे. काकांच्या भाजी-आमटीतलं मीठ काकूंनी कमी केलंय, पण पानात लोणच्याची फोड, दुपारी भाजलेला पापड, चहाबरोबर खारी किंवा फरसाण. या वरच्या पदार्थांतून रोज पाच ग्रॅम जादा मीठ गेलं, तर मंगळवार ते शुक्रवार तीन दिवसांत पंधरा ग्रॅम होतं. त्यामागे दीड लिटरहून अधिक पाणी आलं. म्हणजे काकांच्या साडेतीन लिटरमधला जवळपास निम्मा भाग लोणच्या-पापडाचा आहे. "पाणी कमी प्या" असं नुसतं सांगून तहान भागत नाही. मीठ कमी झालं की तहान आपणच उतरते. काकांचं वजन साडेतीनऐवजी अडीच किलोनं वाढलं, तर चार तासांतही वेग साडेदहावर येतो आणि गोळ्याचं मुख्य कारणच नाहीसं होतं.

कधी कधी मात्र रुग्ण सगळी पथ्यं पाळतो, वजन दीड-दोन किलोनंच वाढतं, तरी गोळे येतात. तेव्हा ड्राय वेटचा आकडाच जुना झालेला असू शकतो. डायलिसिस मानवलं, भूक सुधारली, अंगावर किलो-दीड किलो मांस चढलं. पण वहीत आकडा ६० चाच राहिला. मग यंत्र ते मांस म्हणजे पाणीच समजून हिशेब करतं आणि हवं असलेलं पाणीही काढून टाकतं. घरी गेल्यावरही गोळे येत राहणं, उभं राहिल्यावर चक्कर, आवाज बसणं या त्याच्या खुणा. पायावर सूज नसेल, दम लागत नसेल, तर डॉक्टर आकडा अर्ध्या-अर्ध्या किलोनं वाढवून बघतात. हे ज्याचं त्यानं ठरवायचं नाही, पण "माझं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

डायलिसिस अजून सुरू न झालेल्यांनाही रात्री गोळे येतात. तिथे लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे झालेली क्षारांची उलथापालथ, रक्तातलं कमी कॅल्शियम, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या ही कारणं तपासावी लागतात. झोपण्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून, टाचा जमिनीला टेकवून, भिंतीकडे झुकायचं. पोटरी ताणलेली जाणवली की दहा-पंधरा सेकंद थांबायचं, असं तीनदा. याचा कुणालाच तोटा नाही आणि अनेकांना फायदा होतो.

अस्वस्थ पाय: लोह आणि औषधांची चिठ्ठी

रात्रीच्या वळवळीचं मूळ पायात नाही, मेंदूत आहे. शरीराची हालचाल ज्या रसायनाच्या जोरावर सुरळीत चालते, ते डोपामिन तयार करायला मेंदूला लोह लागतं. लोह कमी पडलं की हे कामकाज बिघडतं, आणि डोपामिनची पातळी रोजच्या चक्रात रात्रीच उतरत असल्यामुळे त्रासही तेव्हाच उफाळतो. म्हणून पाय कितीही दाबले तरी तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. क्रिएटिनिन खाली आलं म्हणून हा त्रास जात नाही, हेही त्यामुळेच.

मूत्रपिंडाच्या रुग्णात लोह कमी असणं नित्याचं आहे. डायलिसिसच्या नळ्यांत आणि तपासण्यांत दर वेळी थोडं रक्त जातं, आणि पोटातून लोह शोषलं जाण्याचं प्रमाणही घटलेलं असतं. तपासायचं कसं, इथे एक खाचखळगा आहे. अहवालात 'फेरिटिन'चा आकडा भरपूर दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण फेरिटिन म्हणजे गोदामातला साठा. गोदाम भरलेलं असेल आणि माल वाहून न्यायला ट्रकच निघत नसतील, तर दुकानं रिकामीच राहतात. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन उगाचच फुगतं. म्हणून त्याबरोबर 'ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन' पाहावं लागतं. प्रत्यक्ष किती माल रस्त्यावर आहे, ते त्यातून कळतं. ते २० टक्क्यांच्या खाली आणि डायलिसिसच्या रुग्णात फेरिटिन २०० च्या खाली असेल, तर लोहाची खरीच कमतरता आहे.

काकांचं फेरिटिन १६०, सॅच्युरेशन १४ टक्के. त्यांना लोहाची गोळी सुरू होती. तिनं पोट जड व्हायचं आणि आकडे हलायचे नाहीत. अशा वेळी डायलिसिस चालू असतानाच शिरेतून आयर्न सुक्रोज देतात. चालू जंतुसंसर्गात ते देत नाहीत. पायांना आराम पडायला काही आठवडे लागतात, आणि तो प्रत्येकालाच पडेल असं नाही. पण लोह कमी असताना ते न भरता दुसरी औषधं सुरू करणं म्हणजे मूळ सोडून फांद्या छाटणं आहे.

त्यानंतरची पायरी औषधांच्या चिठ्ठीची. ती शांतपणे वाचली तर अनेकदा गुन्हेगार तिथेच सापडतो. डायलिसिसच्या रुग्णाला अंगाला खाज सुटते, म्हणून रात्री अ‍ॅव्हिल, म्हणजे फेनिरामाइन दिलं जातं. त्यानं गुंगी येते, पण मेंदूत जाणारी ही जुनी अ‍ॅलर्जीची औषधं पायांची वळवळ वाढवतात. उलट्या-मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेरेझिन थेट डोपामिनच्याच कामात आडवं येतं. तळपायाच्या आगीवर किंवा झोपेसाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नैराश्यावरच्या काही गोळ्याही हेच करतात. काकांच्या चिठ्ठीत रात्रीचं फेनिरामाइन होतं, मळमळीला मेटोक्लोप्रामाइड होतं आणि तळपायाला अ‍ॅमिट्रिप्टिलिन. प्रत्येक औषध वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या तक्रारीवर, चांगल्या हेतूनं दिलेलं. तिन्ही मिळून काकांचे पाय रात्रभर नाचवत होती. यांतलं कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नये. पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून मूत्रपिंडतज्ज्ञांसमोर ठेवली, तर पर्यायी औषध देता येतं. उदाहरणार्थ, मळमळीसाठी डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांचा विचार करूनच ते द्यावं लागतं.

औषधाशिवायही पायांना उसंत देता येते. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू आणि दारू बंद केल्यानं काहींना स्पष्ट फरक पडतो. डायलिसिस चालू असताना पलंगाला लावलेल्या सायकलीवर पाय मारण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत आणि त्यात अस्वस्थ पायांचा त्रास कमी झालेला दिसला. हा व्यायाम सत्राच्या पहिल्या दोन तासांतच करायचा, कारण नंतर रक्तदाब उतरण्याची भीती असते. सायकल नसेल तर संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं चालणं आणि पडल्या पडल्या घोटे वर-खाली करणं हे घरी होण्यासारखं आहे. शेकताना मात्र जपायचं. मधुमेहात तळपाय बधिर असतात, गरम पाण्याची पिशवी चटका देते आणि कळतही नाही. सकाळी फोड दिसतो आणि त्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. पाणी किती गरम आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातानं बघावं.

गॅबापेंटिन: गुणी औषध, पण मात्रेचं

इतकं करूनही पाय शांत झाले नाहीत, तर डॉक्टर बहुधा गॅबापेंटिन देतात. त्याचा उपयोग होतो. पण या औषधाविषयी एक गोष्ट रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी: ते शरीराबाहेर पडतं ते फक्त मूत्रपिंडातून. धडधाकट माणसाच्या रक्तातलं गॅबापेंटिन ५ ते ७ तासांत निम्मं होतं. मूत्रपिंड पूर्ण बंद असेल, तर दोन डायलिसिसच्या मधल्या काळात ते निम्मं व्हायला पाच दिवसांहून जास्त लागतात. म्हणून दुसऱ्या रुग्णाला दिवसातून तीनदा चालणारी ३०० मिलीग्रॅमची गोळी डायलिसिसच्या रुग्णाला विषारी ठरते. त्याला सुरुवात बहुधा १०० मिलीग्रॅमनं, तीही डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस संपल्यावर करतात.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? माणूस दिवसाही गुंगीत असतो, बोलताना जीभ जड होते, चालताना तोल जातो, हातातला कप अचानक दचकून सांडतो, कधी भलतंच काही बोलू लागतो. घरच्यांना अर्धांगवायूचा झटका आला की काय, असं वाटतं. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि औषधाचं पाकीट बरोबर न्यायचं. डायलिसिसनं हे औषध अंगातून काढता येतं. हेच प्रेगॅबालिनलाही लागू आहे. नसांच्या दुखण्यावर शेजाऱ्याला गुण आला म्हणून ती गोळी आणून देणं धोक्याचं आहे.

पूर्वी या विकारावर प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही डोपामिनसारखं काम करणारी औषधं सर्रास वापरत. सुरुवातीला त्यांचा गुण जादूसारखा येतो. पण महिन्या-वर्षांनी त्रास उलटतो: रात्री दहाची वळवळ दुपारी चारला सुरू होते, पायांवरून हातांत चढते, आणि गोळी वाढवली की आणखी बिघडते. म्हणून आता तज्ज्ञ ती पहिल्या पसंतीनं देत नाहीत. कुणी ती घेत असेल आणि त्रासाची वेळ अलीकडे सरकत असेल, तर मात्रा न वाढवता डॉक्टरांना तसं सांगावं.

मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं तर अनेकांचे अस्वस्थ पाय शांत होतात. तोवर वरच्या पायऱ्या क्रमानं चढत जाणं हाच मार्ग.

झोप मोडणारं तिसरं कारण

पाय शांत झाले तरी झोप येईलच असं नाही. काकूंनी सांगितलेलं घोरणं इथे महत्त्वाचं ठरतं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की वर, मानेकडे सरकतं. घशाभोवतालच्या ऊती फुगतात, श्वासाची वाट अरुंद होते, झोपेत श्वास दहा-वीस सेकंद थांबतो आणि माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो. रात्रीत हे कित्येकदा घडतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. डोकं जड असतं, एवढंच. डायलिसिसच्या पद्धतीचा याच्याशी असलेला संबंध टोरांटोतल्या डॉक्टरांनी २००१ साली दाखवून दिला. नेहमीच्या डायलिसिसवरून रोज रात्री झोपेत सावकाश चालणाऱ्या डायलिसिसवर आणल्यानंतर त्यांच्या रुग्णांचं झोपेत श्वास अडखळणं तासाला सरासरी २५ वेळांवरून ८ वर आलं. म्हणजे मीठ कमी करणं आणि पाणी नीट काढणं हा गोळ्यांवरचा उपाय झोपेवरचाही आहे. डोक्याकडची बाजू उंच करून, कुशीवर झोपल्यानंही मदत होते. शंका असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वासवाट उघडी ठेवणारं मुखवट्याचं यंत्र, ज्याला सीपॅप म्हणतात, त्यासाठी उपयोगी पडतं.

याच कारणानं झोपेच्या गोळ्या इथे धोक्याच्या आहेत. अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम अडखळणारा श्वास आणखी मंदावू शकतं, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याची भीती वेगळीच. आणखी एक साधी गोष्ट: सत्राचे चार तास झोपून काढले तर त्या रात्री झोप येत नाही. डायलिसिसच्या खाटेवर थोडी डुलकी चालेल, गाढ झोप टाळावी. ज्यांचं डायलिसिस सुरू नाही, त्यांची झोप रात्री तीन-तीनदा लघवीला उठण्यानं मोडते, कारण दुबळं मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. त्यांनी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारावं.

मायेनं दिलेले, पण उलटणारे उपाय

गोळा आला की आपल्याकडे शहाळ्याचं पाणी, केळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा इलेक्ट्रोलाइटची पुडी पुढे केली जाते. निरोगी माणसाला ते ठीक आहे. निकामी मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि शहाळ्यात व केळ्यात ते भरपूर असतं. वाढलेलं पोटॅशियम हृदय अचानक बंद पाडू शकतं. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, म्हणून तेही वर्ज्य. गोळ्यांसाठी सहज मिळणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्याही अंगात साठतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या उरलंसुरलं मूत्रपिंडही घालवतात. गोळ्यांवरचं जुनं क्विनाइन रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं, म्हणून त्यासाठी ते घेऊ नये.

काही वेळा थांबून चालत नाही. पायांतली ताकदच एकाएकी गेल्यासारखी वाटणं, छातीत धडधड होणं, एकच पाय सुजून गरम आणि दुखरा होणं, किंवा पाऊल थंड पडून काळंनिळं दिसणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावं.

बाकी सर्वांसाठी, पुढच्या भेटीला जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. त्रास कधी झाला, बसून होता की चालताना, पोटरी घट्ट होती की मऊ, चालल्यावर बरं वाटलं का, त्या दिवशी किती वजन घेऊन गेलात, किती पाणी काढलं आणि किती तास, हे लिहा. झोपेत पाय झाडणं, घोरणं, श्वास थांबणं हे शेजारी झोपणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. ती वही, औषधांची पिशवी आणि लोहाचा अहवाल डॉक्टरांसमोर ठेवा. "पाय दुखतात" एवढंच न सांगता "शेवटच्या तासात गोळा येतो आणि रात्री पडल्यावर वळवळ होते" असं सांगा. एवढ्या एका वाक्यानं उपचाराची दिशा बदलू शकते.